चिकन वरून शिजतंय पण लेग पीस हाडाजवळ लाल निघतो: कच्चा आहे की शिजलाय, थर्मामीटर नसताना कसं ओळखायचं

आमच्याकडे रविवारी चिकन ठरलेलं असतं आणि कित्येक महिने एकच तक्रार परत परत यायची, बाकीचे पीस मऊसूत, रस्सा झकास, पण लेग पीस फोडला की आत हाडाजवळ लाल. कधी तो खरंच कच्चा असायचा, कधी पूर्ण शिजलेला असूनही लाल दिसायचा, आणि मला दोन्हीतला फरक कळत नसल्यामुळे मी एकतर घाबरून सगळं परत गॅसवर चढवायचे आणि ब्रेस्टचे पीस पार चोथा व्हायचे, नाहीतर "अगं ते तसंच असतं" म्हणून तसंच वाढायचे. दुसरी गोष्ट धोक्याची आहे हे मला एका रविवारी नीट कळलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

त्या दिवशी नणंदेकडचे जेवायला होते. सव्वा किलो करी कट आणला होता आणि पोरांसाठी वेगळे चार अख्खे लेग पीस, म्हणजे मांडी आणि तंगडी जोडलेलीच. रात्रीच दही, लिंबू, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी फ्रिजमधून काढून तसंच थंडगार कढईत टाकलं. वीस-बावीस मिनिटांनी मसाल्याला छान तेल सुटलं, मी वरचाच एक छोटा पीस पळीनं दाबला, तो लगेच तुटला, म्हटलं झालं आणि गॅस बंद. जेवताना भाचा म्हणाला, "मामी, हे आत जेलीसारखं लागतंय." मी त्याच्या ताटातला पीस उजेडात धरून बघितला तर वरचं मांस पांढरं, धागे सुटलेले, पण हाडाला लागून अर्ध्या बोटाचा थर चकचकीत, काचेसारखा, गुलाबी, आणि हाडाला घट्ट चिकटलेला. तो शंभर टक्के कच्चा होता. चारही लेग पीस ताटातून उचलून परत कढईत गेले आणि पोरं वरण-भात खात बसली.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा चुका सापडल्या आणि मला वाटतं बऱ्याच घरांत ह्याच होतात. पहिली म्हणजे तेल सुटण्यावर विसंबणं. तेल सुटतं ते वाटणातलं पाणी आटलं, मसाला भाजला म्हणून, त्याचा लेग पीसच्या आत काय चाललंय ह्याच्याशी काही संबंध नाही. दुसरी म्हणजे हाताला लागेल तो पीस तपासणं, आणि हाताला लागतो तो नेहमी छोटा असतो. तिसरी म्हणजे फ्रिजमधलं थंड चिकन डायरेक्ट गरम कढईत, बाहेरून चटका बसतो पण हाडाजवळ अजून गारवाच असतो. आता मी पीस करी कटचे असतील तर वीस मिनिटं आधी बाहेर काढते, जास्त वेळ नाही कारण आपल्याकडच्या हवेत चिकन बाहेर ठेवून चालत नाही, आणि लेग पीस बाकीच्यांच्या आधी आठ-दहा मिनिटं कढईत घालते.

आता तपासायचं कसं. सगळ्यात आधी पीस कुठला निवडायचा ते ठरवा, कारण चुकीचा पीस बघितला तर पुढचं सगळं वाया. कढईतला सगळ्यात जाड पीस शोधायचा, तो बहुतेक मांडीचा असतो, आणि समजा अख्खे लेग पीस नसतील तर ब्रेस्टचा हाडासकटचा जाड तुकडा. त्यातही जो रश्श्याच्या वर राहिला होता किंवा कढईच्या कडेला होता तो घ्यायचा, मधल्या आचेवरचा नाही. तो शिजला असेल तर बाकीचे शिजलेलेच असतात, उलटं मात्र धरून चालत नाही. चिमट्यानं तो ताटलीत काढा, ताटली पांढरी असेल तर बरं, का ते पुढे सांगते.

अख्खा लेग पीस असेल तर माझ्या सासूबाई सुरी लावायच्या आधी सांधा बघतात आणि मला आता तीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. एका चिमट्यानं मांडी धरायची, दुसऱ्यानं तंगडीचं टोक धरून हलकेच फिरवायचं. कच्च्या पिसात सांधा रबरासारखा मागे येतो, जोर लावावा लागतो. शिजलेल्यात तो सैल पडतो, सहज वळतो, अजून थोडं फिरवलं तर सुटूनच येतो. कारण सांध्याभोवतीच्या शिरा आणि चिवट पापुद्रे बराच वेळ बरीच उष्णता लागल्याशिवाय मऊ पडत नाहीत, आणि सांधा हा पिसाचा सगळ्यात आतला भाग, म्हणजे तिथपर्यंत उष्णता पोचली ह्याची ती खूण. नुसती तंगडी असेल तर सांधा नसतो, मग बारीक टोकाकडे बघा, तिथलं मांस वर सरकून हाडाचं टोक उघडं पडलेलं दिसतं. हे मात्र अर्धवट शिजल्यावरही दिसायला लागतं, त्यामुळे ते बघून गॅस बंद करायचा नाही, ते दिसलं की आता कापून बघायची वेळ झाली एवढंच धरायचं.

कापून बघताना लोक पिसाला आडवी चीर मारतात आणि वरचं पांढरं मांस बघून खूष होतात. सुरीचं टोक जाड भागात हाडाच्या कडेकडेनं आत घालायचं, टोकाला हाड लागलं पाहिजे, मग चीर थोडी फाकवून आत बघायचं. आत रंगाच्या आधी पोत बघा. कच्चं मांस चमकतं, ओलसर काच धरल्यासारखं अर्धपारदर्शक दिसतं, दाबलं तर मऊ गोळ्यासारखं दबतं आणि हाडाला चिकटून राहतं. शिजलेलं मांस मंद दिसतं, आरपार काही दिसत नाही, सुरीच्या टोकानं ओढलं की धागे वेगळे होतात आणि हाडापासून स्वच्छ सुटतं. मांडीचं मांस ब्रेस्टपेक्षा मुळातच गडद असतं, शिजल्यावर ते पांढरं होणार नाही, फिकट तपकिरी होईल, ते ब्रेस्टशी ताडून बघू नका.

आता रस. सगळीकडे एकच वाक्य सांगितलं जातं की टोचल्यावर पाणी स्वच्छ निघालं की झालं. ते अर्धंच उपयोगाचं आहे, आणि आपल्या जेवणात तर आणखी कमी, कारण आपण हळद-तिखट लावतो, त्यामुळे टोचलं की जे येतं ते लाल किंवा पिवळंच येतं आणि माणूस गोंधळतो. मी असं करते, पीस पांढऱ्या ताटलीत ठेवून वरचा मसाला चमच्यानं बाजूला सारते, जाड भागात हाडापर्यंत सुरी घालते, पहिले जे थेंब येतात ते टिश्यूनं पुसून टाकते कारण त्यात चिरेत उतरलेला मसाला असतो, मग पळीच्या पाठीनं पिसावर दाब देते आणि आता जे बाहेर येतं ते बघते. ते गुलाबी आणि गढूळ असेल, तांदूळ धुतलेल्या पाण्यात लाल टाकल्यासारखं, तर अजून वेळ आहे. तेलकट पिवळसर पण आरपार दिसणारं असेल तर ठीक. काहीच येत नसेल तर ती शिजल्याची खूण मानू नका, चीर वरच राहिलेली असू शकते, जरा खोल घालून परत दाबा.

हा लाल रंग रक्ताचा नसतो हेही सांगून ठेवते, कारण पुष्कळ जण त्यावरूनच ताट बाजूला सारतात. कोंबडी कापताना रक्त बहुतेक निघून जातं, जे दिसतं ते स्नायूतल्या मायोग्लोबिन ह्या लाल प्रथिनाचं पाणी. उष्णतेनं त्याचा रंग जातो, म्हणून रस स्वच्छ होतो. पण तो नेमका किती उष्णतेला जाईल हे त्या मांसाच्या आंबटपणावरही ठरतं, आणि इथेच दही-लिंबाचा घोळ होतो. आंबट मॅरिनेशनमधल्या चिकनचा लाल रंग लवकर जातो, म्हणजे जंतू मरायच्या आधीच रस स्वच्छ दिसू शकतो. लिंबानं तर कच्च्या मांसाचा वरचा थर गॅस न लावताच पांढरा पडतो, रात्रभर लिंबात ठेवलेला पीस सकाळी बघा, कडा शिजल्यासारख्या दिसतात. त्यामुळे दह्यातल्या किंवा लिंबातल्या चिकनला रस स्वच्छ झाला तरी मी आणखी सात-आठ मिनिटं झाकून ठेवते आणि सांधा व पोत बघितल्याशिवाय उतरवत नाही.

ह्यावर मला सापडलेला सगळ्यात सोपा उपाय आमच्या कोल्हापूरकडच्या रीतीतच होता. आम्ही आधी चिकन नुसतं हळद, मीठ, आलं-लसूण आणि कांदा घालून पाण्यात शिजवतो, ते पाणी अळणी म्हणून वाटीत देतात, आणि तिखट, वाटण सगळं नंतर. तर तपासणी ह्या अळणीच्या टप्प्यालाच करून टाकायची. तिखट नसल्यामुळे पीस उघडा दिसतो, रस नुसता हळदीचा पिवळा, त्यात गुलाबी असेल तर लगेच उठून दिसतो, आंबटही काही नसतं. शिवाय पीस उकळत्या पाण्यात बुडालेले असल्यामुळे सगळीकडून सारखी उष्णता मिळते, कढईत सुकं करताना एक बाजू तळाला आणि एक हवेत असं होतं ते इथे होत नाही. तिथे पक्कं शिजवून घेतलं की नंतर सुकं करा, रस्सा करा, मसाल्याला तेल कधीही सुटू दे.

आता सगळ्यात जास्त भांडणं लावणारी गोष्ट, हाडाजवळचा लाल डाग. हे नीट कळावं म्हणून मी एका रविवारी मुद्दाम करून बघितलं. दोन लेग पीस साधारण एकाच वजनाचे, एक त्याच सकाळी आणलेला, दुसरा आठवडाभर फ्रीझरमध्ये असलेला आणि आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवून ठेवलेला, म्हणजे आत बर्फ राहिलेला नाही. दोन्ही एकाच पातेल्यात अळणी पाण्यात, वर झाकण, उकळी आल्यापासून वेळ धरला आणि आच एवढीच की पाणी सारखं बुडबुडत राहील. पंधरा मिनिटांनी दोघांचाही सांधा ताठ, रस गुलाबी गढूळ, हाडाजवळ काच. पंचवीस मिनिटांनी तंगडीकडचा रस स्वच्छ झाला, पण मांडीत सांध्याजवळ सुरी घातली तर अजून गुलाबी छटा होती, म्हणजे एकाच पिसात एक भाग झालेला आणि दुसरा राहिलेला, तंगडीला टोचून सोडून दिलं असतं तर फसले असते. पस्तीस मिनिटांनी दोन्ही सांधे हातानं सुटले, मांसाचे धागे वेगळे, रस स्वच्छ. पण ताज्याचं हाड तपकिरी आणि भोवतीचं मांस साधं, आणि फ्रीझरवाल्याच्या हाडाभोवती गडद लालकाळा डाग तसाच्या तसा. मी तो आणखी पंधरा मिनिटं उकळला. डाग गेला नाही, नुसता थोडा काळपट झाला.

कारण असं की ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते, तिची हाडं अजून पुरती पक्की झालेली नसतात, सच्छिद्र असतात. गोठवताना हाडातल्या मगजेतलं पाणी बर्फ होऊन फुगतं, मगजेतला लाल रंग हाडातून पाझरून बाजूच्या मांसात उतरतो आणि शिजल्यावर तिथेच बसतो. करी कटमध्ये तर हाडं तोडलेलीच असतात, तिथून मगज थेट बाहेर येते, म्हणून ताज्या चिकनमध्येही तुटलेल्या टोकाशी लाल दिसतं. ते टोक जवळून बघा, कच्च्यातली मगज ओली, भडक लाल, बोट लावलं तर बोटाला रंग लागतो. शिजलेल्यातली घट्ट, विटकरी किंवा चॉकलेटी, नखानं उकरली तर भुगा पडतो. डाग हाडाला लागून आहे, त्याच्या बाजूचं मांस मंद आहे, धागे सुटतायत, सांधा सैल आहे, तर तो पीस खुशाल खा. डाग आहे आणि मांस चमकतंय, हाडाला चिकटलंय, तर डाग विसरा आणि परत शिजवा. रंगावरून दोन्हीकडे फसायला होतं म्हणून रंगाला मी शेवटचा नंबर देते.

कच्चा निघालाच तर काय करायचं. आच वाढवू नका, बाहेरचं करपेल आणि आतलं तसंच राहील. शिजलेले छोटे पीस वेगळ्या, धुतलेल्या भांड्यात काढून ठेवा. राहिलेल्या जाड पिसांना हाडापर्यंत दोन-तीन खोल चिरा द्या, अर्धी वाटी गरम पाणी घाला, गार नको, त्यानं कढई थंड पडते. वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओता आणि मंद आचेवर दहा मिनिटं वाफ काढा. ताटातल्या पाण्यामुळे वाफ आतल्या आत खाली पडत राहते, तळाला लागत नाही, आणि तेच तापलेलं पाणी लागलं तर रश्श्यात घालता येतं. दहा मिनिटांनी परत सांध्याजवळच बघा, आधी जिथे चीर दिली होती तिथे नाही, कारण त्या चिरेतून वाफ आत गेल्यामुळे तो भाग आधी शिजलेला असतो, थोडं बाजूला नवीन चीर द्या. काढून ठेवलेल्या पिसांवर कच्च्या पिसाचा रस गेला असेल तर तेही शेवटी पाच मिनिटं त्याच रश्श्यात उकळू द्या. आणि ज्या सुरीनं, चिमट्यानं कच्चा पीस तपासला ती साबणानं धुतल्याशिवाय दुसऱ्यांदा वापरू नका, मी पूर्वी तीच सुरी पुसून कोशिंबिरीला घ्यायचे, आता आठवलं तरी कसंतरी होतं.

गावरान कोंबडीला ही सगळी मापं लागू करू नका. तिचं मांस चिवट असतं, अर्ध्या तासात आत शिजून जातं तरी दाताला लागत राहतं, आणि लोक त्याला कच्चं म्हणतात. मांस मंद दिसतंय, रस स्वच्छ आहे पण धागे सुटत नाहीत, तर ते कच्चं नाही, मऊ व्हायचं बाकी आहे, पातेल्यात तासभर तरी द्या नाहीतर कुकरला लावा. ब्रॉयलरमध्ये बरोबर उलटं, ते लवकर मऊ लागतं म्हणून शिजलं असं वाटतं.

आणि एक मर्यादा स्पष्ट सांगते. चिकन सुरक्षित मानायचं ते आतल्या सगळ्यात जाड भागात ७४ अंश सेल्सियस झाल्यावर, आणि रस, सांधा, हाड ह्यातली कुठलीच खूण तो आकडा दाखवत नाही, फक्त अंदाज देते. बुडबुडणाऱ्या रश्श्यात पिसं पुरता वेळ राहिली तर आतही तो आकडा ओलांडला जातो, म्हणून रश्श्याला आणि अळणीला ह्या खुणा पुरतात. अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये किंवा कोळशावर भाजत असाल तर मात्र पुरत नाहीत, बाहेरून काळं आणि मांडीच्या सांध्यात कच्चं हे तिथे सर्रास होतं, तिथे थर्मामीटर घ्या, नसेल तर मांड्या वेगळ्या करून भाजा. घरात गरोदर बाई, लहान बाळ किंवा आजारातून उठलेलं कोणी असेल तर मी लेग पीस कोळशावर करतच नाही, आधी अळणीत पस्तीस मिनिटं शिजवून घेते आणि मग मसाला चोळून तव्यावर नुसता रंग येईपर्यंत परतते. भाच्याला आता तोच आवडतो आणि तो खायच्या आधी सांधा स्वतः फिरवून बघतो.